‘शिफ्टचं काही खरं नाही’ हे एचआरला कसं लिहून द्यायचं?

*ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीची टीम लीड आहे. आमच्या प्लांटला एचआरची दोनच माणसं, म्हणून सोडून जाणाऱ्याचा एक्झिट इंटरव्ह्यू टीम लीडनेच घ्यायचा आणि पानभर लिहून द्यायचं, अशी पद्धत आहे. माझा एक सीनियर इन्स्पेक्टर साडेतीन वर्षांनी चाललाय. फॉर्मवर त्याने सगळीकडे ‘समाधानी’वर टिक केली. मग कँटीनमध्ये चहा घेताना मोकळा झाला. मी डायरीत टिपलं ते असं: ‘इथे शिफ्टचं काही खरं नाही.’ ‘साहेबांना आपलीच माणसं दिसतात.’ ‘तिकडे पगार बरा आहे.’ ‘त्या नवीन मुलीला रात्री-बेरात्री मेसेज जातात, सगळ्यांना माहितीये.’ ‘कँटीनचं तर विचारूच नका.’ शिफ्टचा तक्ता मी लावते आणि साहेब म्हणजे माझेही साहेब. मी लिहिलं, ‘शिफ्ट नियोजनात सुधारणेस वाव आहे. व्यवस्थापनाने निष्पक्षता वाढवावी.’ एचआरच्या मॅडमनी कागद परत पाठवला, ‘याचं मी काय करू?’ त्याचे अजून बारा दिवस बाकी आहेत. कामाचं ठरेल आणि त्याला त्रास होणार नाही असं कसं लिहू?*

*– एक टीम लीड, चाकण*

तुमच्या मॅडमचा प्रश्न उद्धट वाटला असेल, पण तो रास्त आहे. ‘सुधारणेस वाव आहे’ हे वाक्य शाळेच्या प्रगतिपुस्तकातून ऑफिसात आलं आणि इथेच मुक्कामाला राहिलं. त्याचा कुणाला राग येत नाही, कारण त्यातून कुणाला काही कळतच नाही. तो पोरगा चहावर ‘शिफ्टचं काही खरं नाही’ म्हणाला, त्यात निदान चीड होती. तुम्ही ती काढून टाकलीत आणि तिच्या जागी काहीच घातलं नाहीत. शेऱ्याची भाषा मऊ केली की त्याचा अभिप्राय होतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. एचआरला भाषेशी फारसं देणंघेणं नसतं. शेऱ्यामागे कुठला प्रसंग होता, तो किती वेळा घडला आणि तो बदलणं कुणाच्या हातात आहे, एवढं त्यांना हवं असतं. ते तुमच्या डायरीत नाही, त्याच्या डोक्यात आहे. म्हणून लिहायला बसण्याआधी त्याच्याशी आणखी एकदा बोला. बारा दिवस हातात आहेत, हे तुमचं नशीब. बहुतेक जणांना हे माणूस गेल्यावर सुचतं.

हे बोलणं कँटीनमध्ये करू नका आणि फॉर्म समोर ठेवूनही करू नका. अर्धा तास पुरतो. पहिला प्रश्न ‘का सोडतोयस’ हा नको, त्याचं उत्तर राजीनाम्यात छापील असतं, ‘वैयक्तिक कारणास्तव’. त्याऐवजी विचारा, ‘दुसरीकडे बघायला कधी सुरुवात केलीस? नोकरी डॉट कॉमवर बायोडेटा कधी अपडेट केलास?’ माझ्या वीस-बावीस वर्षांच्या एचआरच्या नोकरीत या एका प्रश्नाने जेवढं बाहेर आलं, तेवढं चार पानी फॉर्मने कधी आलं नाही. माणूस आधी महिना आठवतो आणि महिन्याच्या पाठोपाठ प्रसंग. ‘दिवाळीनंतर’ म्हणाला की विचारायचं, ‘दिवाळीनंतर काय झालं होतं?’ तुमच्या यादीतल्या पगाराच्या शेऱ्याचाही निकाल इथेच लागतो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून माणूस दुसरीकडे ‘हो’ म्हणतो, पण शोध त्याने बहुतेकदा वेगळ्याच कारणाने सुरू केलेला असतो. ऑफर हातात आल्यावर मात्र पगाराचंच नाव पुढे करतो, कारण ते सांगायला सोपं आणि कुणाला न दुखावणारं असतं. आधी बायोडेटा अपडेट झाला की आधी पगारवाढीचं पत्र मिळालं, हा क्रम विचारून घ्या. पत्र आधी आणि बायोडेटा त्याच आठवड्यात, असं असेल तर पगार हेच कारण म्हणून लिहा. नसेल तर पगाराला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका.

आता शिफ्टकडे येऊ. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘शिफ्टचा तक्ता मी लावते.’ म्हणजे ही तक्रार तुमच्याबद्दल आहे, निदान तुमच्या टेबलावरून जाणाऱ्या कागदाबद्दल आहे. ‘सुधारणेस वाव’ हे शब्द सुचण्यामागे थोडं हेही असणार, नाही का? त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते लपून राहता कामा नये. नाहीतर उद्या मॅडमना कळेल की ज्या बाईच्या तक्त्याबद्दल तक्रार होती, तिनेच ती गुळगुळीत करून पाठवली. मग पानावरच्या बाकीच्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसणार नाही. दोन गोष्टी करा. तक्ता मी लावते, असं टिपणात सरळ लिहा. आणि या एका मुद्द्यावर मॅडमनी त्याच्याशी फोनवर पाच मिनिटं थेट बोलावं, असं स्वतःहून सुचवा. त्याला तुमच्यासमोर जे बोलता आलं नाही, ते तिथे बोलेल.

त्याला विचारताना ‘का रे, काय वाईट आहे शिफ्टचं?’ असं विचारलंत तर तो ‘नाही मॅडम, तसं काही नाही’ म्हणेल आणि विषय मिटेल. ‘शेवटचं असं कधी झालं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. समजा त्याने सांगितलं की गेल्या महिन्यात एकदा रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला, उद्या सेकंडऐवजी फर्स्टला ये. तोवर कंपनीच्या बसची यादी निघून गेली होती. पहाटे साडेपाचला भोसरीहून बाइक काढून तो सातला गेटवर पोहोचला. दुसऱ्या एका इन्स्पेक्टरलाही तसाच मेसेज गेला होता, तो वेळेत पोहोचू शकला नाही. लाइन इन्स्पेक्टरशिवाय सुरू झाली आणि पहिल्या दीड तासाचा माल होल्डवर ठेवून परत तपासावा लागला. बघा, ‘काही खरं नाही’ म्हणजे नेमकं काय ते आत्ता कळलं. शिफ्ट बदलते ही त्याची तक्रार नाहीच, प्लांटमध्ये शिफ्ट बदलणारच. बस ठरून गेल्यावर बदलते, ही तक्रार आहे.

यापुढचं काम तुमचं. असा प्रसंग एकदा घडला की नेहमी घडतो, हे त्याच्या सांगण्यावर सोडू नका. व्हॉट्सअॅप ग्रुप तुमच्याच फोनमध्ये आहे आणि प्रत्येक मेसेजवर वेळ आहे. मागचे तीन महिने वर सरकवत जा आणि वहीत मोजा: एकूण बदल किती, त्यातले बसची यादी गेल्यानंतरचे किती. समजा चौदा बदल निघाले आणि त्यातले नऊ रात्री आठनंतरचे. मग एका सोडून जाणाऱ्या माणसाची कुरकुर म्हणून हे कुणाला बाजूला सारता येणार नाही. उलट चौदापैकी एकच रात्रीचा निघाला, तर तेही तसंच लिहा. एक वाईट पहाट माणसाच्या मनात वर्षभर राहते. तिचाही मान राखायचा, पण तिला नियम म्हणायचं नाही.

मोजता मोजता कारणही शोधा, कारण एचआरचा पुढचा प्रश्न तोच असेल. डिस्पॅचचा प्लॅन संध्याकाळी उशिरा हातात येतो म्हणून तुम्ही तक्ता उशिरा बदलता, की ऐनवेळी कुणी दांडी मारतो म्हणून? पहिलं असेल तर हे प्लॅनिंगशी बोलून सोडवायचं. दुसरं असेल तर प्रत्येक शिफ्टला एक राखीव माणूस आधीच सांगून ठेवायचा, त्यात एचआरचं फारसं कामच नाही. कारण माहीत नसताना लिहिलं की अभिप्राय चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो.

‘साहेबांना आपलीच माणसं दिसतात’ हे प्रकरण वेगळं आहे आणि जास्त नाजूकही. शिफ्टच्या शेऱ्यामागे प्रसंग होता, इथे निष्कर्ष आहे. निष्कर्ष कागदावर आला की त्याचा आरोप होतो. त्यातून तो आरोप तुमच्या साहेबांवर, तुमच्या सहीने. त्याला विचारा, ‘असं तुला कशावरून वाटलं? तू स्वतः काय पाहिलंस?’ ‘सगळे म्हणतात’ हे उत्तर आलं तर ते कागदावर घ्यायचं नाही. समजा तो म्हणाला, ‘कस्टमर ऑडिटचे कागद दोन महिने मी तयार केले, ऑडिटला उभं दुसऱ्यालाच केलं. बाहेरच्या ट्रेनिंगलाही दोनदा तोच गेला.’ यात दोन गोष्टी तपासता येण्यासारख्या आहेत. ट्रेनिंगला कोण कधी गेलं, याची नोंद एचआरकडेच असते. ऑडिटला कोण हजर होतं, ते ऑडिटच्या कागदावर असतं. साहेबांचं मन कसं आहे, हे मात्र कुणालाच तपासता येत नाही, म्हणून त्याबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. बाहेरच्या ट्रेनिंगसाठी नावं कशी ठरतात हे टीमला माहीत नाही, त्याची नोंद पाहावी, एवढंच लिहायचं. यात साहेब दोषी ठरत नाहीत. कदाचित त्यांच्याकडे चांगलं कारण असेल आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नसेल. असं मी पुष्कळदा पाहिलंय. मग दोष निवडीत नसतो, न सांगण्यात असतो, आणि तो दुरुस्त करणं फार सोपं असतं.

इथे माझी एक जुनी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका कंपनीत सोडून जाणाऱ्या मुलाचं बोलणं मी प्रामाणिकपणे, अवतरणचिन्हांसकट लिहिलं होतं, ‘साहेब तोंड बघून काम देतात’. माझ्या वरिष्ठांनी ती मेल ‘कृपया पाहावे’ म्हणून त्या साहेबांनाच पुढे पाठवली. दोन महिन्यांनी त्या मुलाच्या नव्या कंपनीतून रेफरन्ससाठी फोन आला, तो नेमका त्याच साहेबांना. ते काय बोलले मला कळलं नाही, पण मुलाचं कन्फर्मेशन लांबलं आणि त्याने मला फोन करून विचारलं, ‘मॅडम, तुम्ही माझं नाव घातलं होतंत का?’ नाव घातलं नव्हतं. घालायची गरजच नव्हती, त्या महिन्यात सोडून जाणारा तो एकटाच होता.

म्हणून त्याला ‘तुझं नाव कुठे येणार नाही’ असं वचन देऊ नका. सात-आठ जणांच्या टीममधून एकच माणूस चाललाय, तेव्हा नाव न लिहिताही ते लिहिल्यासारखंच आहे. त्यापेक्षा मसुदा त्याला वाचून दाखवा आणि एकेका मुद्द्यावर विचारा: हे असंच जाऊ दे, तारीख आणि तपशील काढून जाऊ दे, की जाऊच नको? तो शिफ्टवर ‘जाऊ दे’ म्हणेल आणि साहेबांवर कदाचित ‘नको’. ‘नको’ म्हणाला तर वगळा, मनधरणी करू नका. त्याची भीती खरी असते. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फुल अँड फायनलचा हिशेब, सगळं अजून कंपनीच्या हातात आहे. फॉर्मवर सगळीकडे ‘समाधानी’ आलं ते त्यामुळेच. रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावर पाठवा, असं तो म्हणाला तर तसं करा. आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही. मात्र प्रसंग आणि आकडे आजच लिहून ठेवा.

कँटीनचा शेरा टिपणातून काढा. पोहे गार मिळतात की रात्री उशिरा काही उरतच नाही, हे त्याला विचारून कँटीन कमिटीला तोंडी सांगा. शिफ्टच्या शेजारी पोहे आले की वाचणारा आधी पोह्यांवरच बोलतो.

आता त्या मेसेजांचं. हा शेरा त्या पानावर अजिबात घालू नका, मऊ करूनही नाही आणि ‘काही महिला कर्मचाऱ्यांना’ असं गोल करूनही नाही. हा अभिप्राय नाही, ही कदाचित 2013 च्या कायद्याखालची तक्रार आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्यात कोण आहे हे दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं. तक्रार त्या मुलीने स्वतः लेखी करायची असते, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे इथे दिवस मोजले जातायत आणि ही गोष्ट तुमच्या पानाची वाट पाहू शकत नाही. त्या इन्स्पेक्टरला एवढंच विचारा की त्याने स्वतः काही पाहिलं की ऐकलं, त्यापुढे चौकशी करू नका. ते तुमचं काम नाही आणि अर्धवट चौकशीने त्या मुलीचंच नुकसान होईल. मग तिला बाजूला घेऊन, कुणाचं नाव न घेता सांगा की समितीत कोण आहे, तक्रार कशी करायची आणि मुदत किती आहे. करायची की नाही, ते ती ठरवेल. अशी कुजबूज कानावर आली आहे, एवढं समितीच्या अध्यक्षांना तोंडी सांगायलाही हरकत नाही. तिचं नाव मात्र कुठल्याही मेलमध्ये टाकू नका.

हे सगळं झाल्यावर पान उरतं ते छोटंच. वर मी ‘समजा’ म्हणून धरलेले आकडे घालून ते साधारण असं दिसेल. तुम्ही तुमचे खरे घाला.

*‘सीनियर इन्स्पेक्टर, सेवा साडेतीन वर्षे. दोन वेळा बोलणे झाले. हे टिपण त्यांना वाचून दाखवले असून पाठवण्यास त्यांची संमती आहे.*

*शिफ्ट बदलाची सूचना. गेल्या तीन महिन्यांत इन्स्पेक्शनच्या तक्त्यात 14 बदल झाले. त्यांपैकी 9 बदलांची सूचना रात्री 8 नंतर, म्हणजे बसची यादी गेल्यानंतर दिली गेली (व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मी मोजले). अशा एका दिवशी एक इन्स्पेक्टर वेळेत पोहोचू न शकल्याने दीड तासाचा माल होल्ड करून पुन्हा तपासावा लागला. दुसरीकडे काम शोधण्यास सुरुवात त्याच सुमारास केल्याचे त्यांनी सांगितले. तक्ता मी लावते. उशिराच्या 9 पैकी 7 बदल डिस्पॅच प्लॅन संध्याकाळी 7 नंतर मिळाल्याने झाले. त्यांची सूचना: संध्याकाळी 5 नंतरच्या बदलासाठी प्रत्येक शिफ्टला एक राखीव इन्स्पेक्टर आधी ठरवावा. माझी विनंती: प्लॅनची वेळ ठरवण्यासाठी प्लॅनिंग विभागासोबत बैठक व्हावी. हा विषय माझ्या कामाशी निगडित असल्याने आपण त्यांच्याशी थेट बोलावे.*

*बाहेरचे प्रशिक्षण. नावे कशी ठरतात हे टीमला माहीत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मी हे पडताळलेले नाही, नोंदी आपल्याकडे आहेत. हे एका व्यक्तीचे मत आहे, आधी सोडून गेलेल्यांच्या टिपणांशी ताडून पाहावे आणि तोवर विभागात पुढे पाठवू नये.*

*पगार. नवीन ठिकाणी जास्त आहे. ते मुख्य कारण असल्याचे त्यांनी सांगितले नाही.’*

यात मी काय पडताळलं आणि काय नाही, हे वेगळं दिसतं, तेवढं काही झालं तरी ठेवा. वाचणाऱ्याला कुठल्या वाक्यावर आज पाऊल उचलायचं आणि कुठल्या वाक्यावर थांबायचं, ते त्यावरूनच कळतं. ‘त्यांची सूचना’ आणि ‘माझी विनंती’ याही वेगळ्या ठेवा. जाणाऱ्याच्या तोंडी आपलं जुनं गाऱ्हाणं घालायचा मोह होतो. अनुभवी एचआरवाल्याला ते दुसऱ्या ओळीत ओळखू येतं.

साहेबांच्या मुद्द्यातलं ऑडिटचं उदाहरण मी मुद्दाम गाळलंय. ते घातलं की कुणी सांगितलं हे लपत नाही. मॅडमना ते हवं असेल तर फोनवर त्यालाच विचारतील. आणि साहेबांना कळलं तर काय, अशी धास्ती तुम्हालाही असेल, तर हे पान पाठवण्याआधी मॅडमना भेटा आणि ते कुणाकुणाला दिसणार आहे ते विचारा. उत्तर गोलमाल आलं तर प्रशिक्षणाचा परिच्छेद तोंडी सांगा, शिफ्टचा लेखी द्या.

राखीव इन्स्पेक्टर ठरवायला मात्र कुणाच्या बैठकीची वाट पाहू नका. तक्ता तुमच्याच हातात आहे, पुढच्या सोमवारच्या तक्त्यात ते नाव घाला. त्याचे बारा दिवस संपायच्या आत एकदा तरी रात्रीचा मेसेज टळला, तर त्याला दाखवा.